शंभर, पण कुठे मोजला?

पावसाळा मध्यावर आला की दवाखान्यातला फोन ‘ताप’ या एकाच शब्दाने सुरू होतो. ‘डॉक्टर, मुलाला शंभर आहे, काय करू?’ आई किंवा आजी मोठ्या काळजीने आकडा सांगते, पण नुसत्या आकड्यावरून फार थोडं कळतं. हे शंभर काखेतले की तोंडातले? सकाळी उठल्यावरचे की संध्याकाळी खेळून आल्यावरचे? कपाळासमोर धरायच्या थर्मामीटरचे की काखेत धरलेल्याचे? आणि मूल किती महिन्यांचं आहे? एका महिन्याच्या बाळाच्या काखेत शंभर आले तर मी त्याच क्षणी रुग्णालयात जायला सांगेन. पाच वर्षांचा मुलगा अंगणातून धावत येऊन बसला असेल आणि त्याच्या तोंडात शंभर दिसत असतील, तर आधी त्याला अर्धा तास सावलीत बसवून पुन्हा मोजायला सांगेन. आकडा तोच असतो, अर्थ मात्र वेगवेगळा निघतो.

या घोळाचं मूळ आपल्या डोक्यात पक्क्या बसलेल्या एका रेषेत आहे. घरातल्या जुन्या काचेच्या थर्मामीटरवर ९८.४ च्या जवळ बाणाची खूण असते. पुस्तकांत कुठे ९८.४ छापलेलं असतं, कुठे ९८.६. पारा त्या खुणेच्या वर गेला की ताप, खाली राहिला की बरं, असं आपण धरून चालतो. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून नोंदी ठेवल्या आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. निरोगी माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं हे जगाच्या डोक्यात बसलं ते तिथपासून. ३७ हा ढोबळ आकडा होता. त्याचं फॅरनहाइट केल्यावर ९८.६ झालं आणि दशांशामुळे तो उगीचच फार नेमका वाटायला लागला. पुढे १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांचं तोंडातलं तापमान दिवसातून अनेक वेळा मोजलं गेलं. त्यांची सरासरी ९८.२ निघाली. त्यातही पहाटे सहाला निरोगी माणसाची वरची मर्यादा ९८.९ होती आणि दुपारी चारच्या सुमाराला ती ९९.९ पर्यंत गेली.

यातून घरी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट कळते. निरोगी शरीर पहाटे सर्वांत थंड असतं आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सुमारे एक अंश फॅरनहाइटने तापतं. बायकांमध्ये पाळी येण्याच्या आधीच्या पंधरवड्यात त्यावर आणखी सुमारे अर्ध्या अंशाची भर पडते. त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला तोंडात ९९.२ दिसले म्हणून औषध शोधायचं कारण नाही. सकाळी सहाला तेच ९९.२ दिसले तर मात्र लक्ष ठेवावं. ‘रोज संध्याकाळी अंगात कणकण असते’ असं सांगणाऱ्या माणसाला मी आधी आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी मोजायला लावतो. कित्येकांचा तो ताप म्हणजे शरीराचा रोजचा चढ-उतार असतो. पण संध्याकाळचा बारीक ताप दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सोबत खोकला असला, वजन घटत असलं, रात्री घाम फुटत असला, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

आता जागेबद्दल. शरीराचं खरं तापमान म्हणजे आतल्या अवयवांचं, हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचं. तिथे थर्मामीटर पोचत नाही, म्हणून आपण जवळपासच्या जागा गाठतो. गुदद्वारातलं तापमान आतल्या तापमानाच्या सर्वांत जवळचं असतं, पण बाळाला इजा होण्याचा धोका असल्यामुळे हा प्रकार घरी करू नये, तो रुग्णालयावर सोडावा. जिभेखालचं त्याहून थोडं कमी भरतं आणि काखेतलं त्याहूनही कमी. म्हणून आपल्याकडे ‘काखेत घेतला असेल तर एक मिळवायचा’ असा रिवाज पडला आहे. हा रिवाज सोडून द्यावा असं माझं ठाम मत आहे. काख आणि तोंड यांतला फरक प्रत्येकात सारखा नसतो. कुणात तो अर्ध्या अंशाहून कमी असतो, कुणात एक अंशाहून जास्त. एकाच मुलात तो ताप चढताना वेगळा आणि उतरताना वेगळा असतो. शिवाय आईने एक मिळवून सांगितलेला आकडा ऐकून डॉक्टरने स्वतःच्या मनात आणखी एक मिळवला, तर ९९.६ चे १०१.६ होतात आणि मुलाला नको ते औषध जातं. दिसला तोच आकडा लिहावा आणि पुढे ‘काख’ किंवा ‘तोंड’ एवढं लिहावं.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काख हीच घरातली योग्य जागा आहे. लहान मूल जिभेखाली थर्मामीटर नीट धरू शकत नाही, चावतं, तोंड उघडतं. मोठ्यांनी तोंडात मोजावं, पण त्याआधी वीस ते तीस मिनिटं चहा, कॉफी, थंड पाणी, आइसक्रीम, तंबाखू, विडी यांतलं काही नको. थर्मामीटरचं टोक जिभेच्या पुढच्या टोकाखाली न ठेवता मागे, जिभेच्या मुळाजवळ, डाव्या किंवा उजव्या बाजूच्या खोबणीत ठेवायचं. तिथे रक्तवाहिनी जवळ असल्यामुळे ती जागा ऊबदार असते. ओठ मिटलेले हवेत, श्वास नाकाने चालायला हवा. सर्दीने नाक चोंदलं असेल तर तोंडाचा आकडा विश्वासाचा राहत नाही, तेव्हा काखेतच मोजावं.

काखेत मोजणं सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. काख पुसून कोरडी करायची, पण चोळायची नाही, कारण चोळल्याने कातडी तापते. टोक काखेच्या मधोमध, खोल जागी ठेवायचं. फ्रॉकची किंवा बनियनची कड मध्ये येता कामा नये. मग दंड छातीला घट्ट लावून धरायचा. लहान मुलाला मांडीवर घेऊन, आपल्या हाताने त्याचा दंड दाबून बसलं की ते शांतही राहतं. आंघोळीनंतर लगेच, जेवताना किंवा खूप रडून झाल्यावर मोजू नये. वीस-तीस मिनिटं थांबावं.

पाऱ्याच्या थर्मामीटरला काखेत पाच मिनिटं आणि तोंडात तीन मिनिटं लागतात. त्याच्या नळीत फुगीर टोकाच्या वर एक अरुंद जागा असते. पारा तापून वर चढतो, पण बाहेर काढल्यावर त्या अरुंद जागेमुळे आपोआप खाली येत नाही, म्हणून आपल्याला सावकाश वाचता येतो. त्यामुळेच लावण्याआधी झटकून तो ९५ च्या खाली आणावाच लागतो. झटकायचं विसरलं तर कालचा १०२ आज निरोगी मुलाच्या नावावर लिहिला जातो. वाचताना थर्मामीटर डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून, पाऱ्याची चंदेरी रेषा दिसेपर्यंत हळूहळू फिरवायचा. प्रत्येक बारीक रेघ ०.२ अंशाची असते.

तरीही नवीन पाऱ्याचा थर्मामीटर विकत घेऊ नका. पारा हा विषारी धातू आहे आणि मिनामाता करारानुसार तो वापरातून जावा, असं जगातल्या देशांनी ठरवलं आहे. भारतही त्या करारात आहे. घरातला फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा आणि खिडक्या उघडा. झाडूने लोटू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका, कारण त्याने पाऱ्याचे बारीक थेंब होऊन त्याची वाफ खोलीभर पसरते. दोन जाड कागदांनी किंवा पत्त्यांनी गोळे एकत्र ढकलून झाकणाच्या बाटलीत भरा आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता रुग्णालयात किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. मुलाने टोक चावून पारा गिळलाच तर त्या पाऱ्यापेक्षा फुटलेली काच आणि खोलीत उडणारी वाफ यांचा धोका जास्त असतो. तरी डॉक्टरांना दाखवावंच.

आज बहुतेक घरांत डिजिटल थर्मामीटर आहे, आणि त्याच्या ‘बीप’वर आपला जरुरीपेक्षा जास्त विश्वास आहे. त्याच्या धातूच्या टोकात उष्णता जाणणारा छोटा घटक असतो. आकडा वाढत जातो, आणि काही सेकंद तो जवळजवळ वाढला नाही की यंत्र धरून चालतं की आता शेवटचा आकडा आला, आणि बीप वाजवतं. जिभेखाली हे ठीक चालतं, कारण ती जागा आधीपासूनच ऊबदार आणि बंद असते. काखेत तसं नसतं. हात उघडा असताना काखेची कातडी थंडावलेली असते. दंड मिटल्यावर ती हळूहळू तापते, इतकी हळू की मध्येच एखाद्या क्षणी वाढ थांबल्यासारखी दिसते आणि यंत्र घाईने बीप करतं. त्या वेळी थर्मामीटर काढला की आकडा खऱ्यापेक्षा कमी मिळतो.

याला दोन उपाय आहेत. थर्मामीटर लावण्याआधी दंड तीन-चार मिनिटं छातीला मिटून ठेवावा, म्हणजे काख आधीच ऊबदार होते. आणि बीप झाल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटं तसाच ठेवावा. बऱ्याच साध्या थर्मामीटरमध्ये आकडा नंतरही वाढत राहतो. काही यंत्रं मात्र बीपनंतर आकडा गोठवतात, आणि ‘दहा सेकंदांत’ असं लिहिलेली काही यंत्रं तर वाढीच्या वेगावरून शेवटचा आकडा हिशोबाने काढतात. अशा यंत्राची पद्धत सोबतच्या कागदावर दिलेली असते, ती एकदा वाचून घ्या. चालू करताना यंत्र आधीचा आकडा क्षणभर दाखवतं. तो आजचा समजू नका. पडद्यावर Lo दिसलं तर बहुधा टोक अजून नीट टेकलेलं नसतं, ते पुन्हा लावा. आकडे फिके दिसू लागले, तर बटणासारखा सेल बदला. आणि पडद्यावर °C आहे की °F हे नीट बघा. ‘मुलाला फक्त ३९ आहे’ म्हणून निश्चिंत बसलेले पालक मी पाहिले आहेत. ३९ सेल्सिअस म्हणजे १०२.२ फॅरनहाइट. लक्षात ठेवायला तीन जोड्या पुरतात. ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४ आणि ४० म्हणजे १०४.

करोनाच्या काळात दुकानांच्या दारात आलेले, कपाळासमोर बंदुकीसारखे धरायचे थर्मामीटर आता घरोघरी पोचले आहेत. ते त्वचेतून निघणारी अवरक्त किरणं मोजतात आणि त्यावरून आतल्या तापमानाचा अंदाज काढून दाखवतात. म्हणजे त्यांनी मोजलेली असते ती कातडी. कपाळावर घाम असेल, डोक्यावर पंखा चालू असेल, माणूस एसीतून किंवा उन्हातून आला असेल, केस पुढे आले असतील, तर अंदाज चुकतो. कातडी कोरडी करून, पंख्यापासून दूर, माणूस आणि यंत्र दोन्ही त्याच खोलीत पंधरा ते तीस मिनिटं राहिल्यावर, यंत्राच्या कागदावर सांगितलेल्या अंतरावरून (बहुधा तीन ते पाच सेंटिमीटर) मोजावं. भिंतीचं किंवा दुधाच्या बाटलीचं तापमान मोजायची सोय असलेल्या यंत्रात ती सोय चालू राहिली असेल, तर तापलेल्या मुलाचाही आकडा ९५ च्या आसपास दिसतो. मनगटावर रोखून काढलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही. झोपलेल्या बाळाला न उठवता चटकन अंदाज घ्यायला हे यंत्र चांगलं आहे. पण औषध द्यायचं की डॉक्टरकडे जायचं हे ठरवायचं असेल, तेव्हा काखेतल्या किंवा तोंडातल्या थर्मामीटरने खात्री करावी.

एक प्रसंग पायरीपायरीने बघू. चार वर्षांची मुलगी, सप्टेंबरची संध्याकाळ, साडेसहा वाजलेत. ती गप्प झाली आहे, अंगावर काटा आला आहे, हात-पाय गार आहेत आणि दात वाजताहेत. कपाळासमोरचं यंत्र ९८.१ दाखवतं. काखेतला डिजिटल थर्मामीटर बीपला ९८.९ दाखवतो. आजी म्हणते, ‘अगं, पोट बघ कसं भाजतंय.’ इथे आजीचा हात बरोबर आहे. हुडहुडी भरते तेव्हा मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राने शरीराला आणखी गरम व्हायचा हुकूम दिलेला असतो. उष्णता आत राखण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. आतलं तापमान चढत असतं आणि कातडी मात्र गार पडलेली असते. म्हणून कातडी मोजणारं यंत्र अगदी नको त्याच वेळी कमी आकडा दाखवतं, आणि काखही मागे राहते.

आई मुलीला मांडीवर घेते. फ्रॉकची कड बाजूला करून, दंड चार मिनिटं मिटून, थर्मामीटर पुन्हा लावते आणि बीपनंतर आणखी तीन मिनिटं ठेवते. आता १००.६ येतात. पाऊण तासाने हुडहुडी थांबते, गाल लाल होतात, अंग चटका देऊ लागतं. काखेत १०२.४ आणि कपाळावर आता १०२. हुडहुडी ओसरल्यावर दोन्ही यंत्रं एका सुरात बोलू लागली, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल दिल्यावर दीड तासाने घाम येऊन काखेत ९९.६ होतात. इथे घरचे म्हणतात, ‘उतरला ताप, आता काही नाही.’ ते औषधाने झालेलं असतं, दुखणं तिथेच असतं. रात्री अकराला पुन्हा १०१ भरतात. म्हणून तापाची नोंद औषध देण्यापूर्वी घ्यावी आणि औषधाची वेळ आकड्याच्या शेजारी लिहावी. दर अर्ध्या तासाने मोजून मुलाला त्रास देण्यात काही मिळत नाही. दिवसातून तीन-चार वेळा मोजणं पुरेसं होतं.

आजीच्या हाताबद्दलही बोललं पाहिजे. हात लावून ‘गरम नाही’ असं आईने म्हटलं, तर बहुतेक वेळा खरोखरच ताप नसतो. ‘गरम आहे’ असं म्हटलं, तर अनेकदा थर्मामीटरवर ताप निघत नाही. म्हणून हाताला गरम लागलं की थर्मामीटर काढावा. औषध हाताच्या अंदाजावर देऊ नये.

कानात घालायचं यंत्र मोठ्या मुलांना आणि प्रौढांना सोयीचं आहे. त्याची नळी कानाच्या पडद्याच्या दिशेने रोखली जायला हवी, त्यासाठी कानाची पाळी एक वर्षाच्या पुढच्या मुलांत वर आणि मागे ओढून धरावी. कानात मळ असेल, किंवा मूल त्याच कुशीवर झोपलेलं असेल, तर आकडा चुकतो. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या कानाची वाट अरुंद असते, त्यासाठी हे यंत्र वापरू नये.

मग ताप कशाला म्हणायचं? मुलांसाठी काखेत ९९.५, म्हणजे ३७.५ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त हा ताप समजावा. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हीच रेषा धरते. तोंडात १०० आणि कानात १००.४ च्या पुढे ताप. तीन महिन्यांच्या पुढच्या मुलात आकड्यापेक्षा मुलाची तऱ्हा जास्त सांगते. १०३ ताप असूनही औषध दिल्यावर उठून खेळणारं, पाणी पिणारं मूल, १००.८ वर निपचित पडलेल्या, दूध न घेणाऱ्या, जोरजोराने श्वास घेणाऱ्या मुलापेक्षा सुरक्षित असतं. १०४ ला मेंदूला इजा होते ही भीती बाळगू नका. संसर्गाचा ताप स्वतःहून त्या पातळीवर मेंदू बिघडवत नाही. लघवी सहा-आठ तास झाली नाही, मान ताठ आहे, झटका आला, अंगावर जांभळे डाग उठले, मूल जागं करूनही नीट जागं होत नाही, असं काही दिसलं तर आकडा कितीही असो, रुग्णालय गाठा.

तीन महिन्यांखालच्या बाळाचा नियम मात्र वेगळा आणि कडक आहे. या वयात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वर असूनही ताप एवढीच खूण दिसू शकते. काखेत ९९.५ भरले आणि बाळ दुपट्यात, टोपड्यात, वर पांघरुणात गच्च गुंडाळलेलं असेल, तर एक-दोन थर काढा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही ९९.५ किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे न्या. आकडा पहिल्यांदाच १००.४ किंवा त्याहून वर असेल, तर थर काढून वाट बघत बसू नका, सरळ निघा. घरी पॅरासिटामॉल देऊन थांबायचं नाही. आणि नवजात बाळाचा आकडा कमी येणं हाही धोकाच आहे. काखेत ९७.७ च्या खाली आकडा गेला, तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ऊब द्या. तरी वाढत नसेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर रुग्णालयात न्या. जंतुसंसर्ग झालेलं छोटं बाळ कित्येकदा तापण्याऐवजी गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. पुढे तीच देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. म्हणूनच आशाताई घरी येते तेव्हा बाळाच्या काखेत थर्मामीटर लावते. तिला तेवढा वेळ द्या आणि आकडा तिच्याकडून लिहून घ्या.

मोठ्यांमध्ये तोंडात सकाळी ९९ च्या आणि संध्याकाळी १०० च्या पुढे गेलं की ताप म्हणायला सुरुवात होते. व्यवहारात बहुतेक डॉक्टर १००.४ ही रेषा धरतात. ९९ आणि १००.४ यांमधल्या तापाला आपण ‘कसर’ म्हणतो, आणि एखाद्या दिवसाच्या कसरीसाठी गोळी घ्यायची गरज नसते. कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने मात्र १००.४ ला सकाळपर्यंत थांबू नये. रात्रीच रुग्णालयात फोन करावा, आणि तोपर्यंत ताप झाकणारी गोळी घेऊ नये.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत घरोघरी फसगत होते. वयानुसार शरीराचं नेहमीचं तापमान कमी होतं आणि ताप चढवण्याची ताकदही घटते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीचं एरवीचं तोंडातलं तापमान ९६.८ असेल, तर न्यूमोनिया झाल्यावरही थर्मामीटर ९९ च दाखवेल आणि घरचे म्हणतील, ताप नाही. पण तिच्यासाठी ती दोन अंशांहून अधिक वाढ आहे. नेहमीपेक्षा दोन अंश वाढले, किंवा तोंडात एकदाही १०० च्या वर गेले, किंवा ९९ च्या वर पुन्हा पुन्हा येत राहिले, तर वृद्धात तो ताप समजावा. आजी अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागली, जेवण सोडलं, तोल जाऊन पडली, तर आकड्याची वाट पाहूच नये. घरातल्या वृद्धांचं तापमान ते बरे असताना, एखाद्या आठवड्यात दोन-तीनदा सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. आजारपणात त्याच्याशी ताडून बघता येतं.

एका तापाला मात्र ही सगळी गणितं लागू नाहीत. मे महिन्यात विदर्भात भर दुपारी शेतावर किंवा बांधकामावर काम करणारा माणूस कोसळला, असंबद्ध बोलू लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. तिथे मेंदूने ताप चढवायचा हुकूम दिलेला नसतो, उष्णता बाहेरून आत साचलेली असते. म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, आणि काखेतला आकडा आतल्या १०४ च्या पुढच्या तापमानाला फारच कमी दाखवू शकतो. मोजत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच भिजवत रुग्णालयात न्या.

आजारपणात एका वहीत दिनांक, वेळ, जागा, आकडा, औषध आणि लघवी झाली का, एवढं लिहिलं तरी डॉक्टरला निम्मं काम झाल्यासारखं होतं. मलेरियात ताप ठरावीक अंतराने चढतो आणि मधल्या काळात माणूस अगदी बरा वाटतो. तपासणीच्या वेळी अंग थंड असलं, तरी वहीतल्या त्या चढ-उतारांवरून रक्ताची तपासणी सुचते.

डेंगीत तर ताप उतरतो तेव्हाच सांभाळावं लागतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान थर्मामीटर ९८ दाखवू लागतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला सुरुवात झालेली असते. ताप गेल्यावर पोटात जोरात दुखलं, वारंवार उलट्या झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, हात-पाय गार पडले, रुग्ण बेचैन किंवा सुस्त झाला, तर थर्मामीटर काहीही दाखवो, त्याच क्षणी रुग्णालयात न्या.